पातळ थरात ऊन कसं अडवायचं? डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बँड गॅपची गोष्ट

छपरावरच्या नेहमीच्या सौर पॅनेलमध्ये सिलिकॉनची जी चकती असते ती साधारण 150 मायक्रॉन जाड असते. कॅडमियम टेल्युराइडच्या पॅनेलमध्ये तेच काम काचेवर चढवलेला जेमतेम 3 मायक्रॉनचा थर करतो. दोन्ही अर्धवाहक आहेत आणि दोन्ही ऊन शोषून वीज देतात. तरी जाडीत पन्नासपट फरक पडतो. यातला काही भाग कारखान्याच्या सोयीचा आहे, कारण सिलिकॉनची चकती फार पातळ केली की हाताळतानाच तुटते. पण मुळातलं कारण या दोन स्फटिकांमधले इलेक्ट्रॉन प्रकाश कसा स्वीकारतात यात आहे.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला राहायला ऊर्जेचे दोन पट्टे असतात. खालचा भरलेला, वरचा जवळजवळ रिकामा आणि मध्ये एक पोकळी, जिथे इलेक्ट्रॉन राहूच शकत नाही. त्या पोकळीची रुंदी म्हणजे बँड गॅप. सिलिकॉनचा गॅप 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कॅडमियम टेल्युराइडचा 1.45 ते 1.5. प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा काढायला सोपं सूत्र आहे: 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. उलटं केलं तर सिलिकॉन 1107 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषू शकतं आणि कॅडमियम टेल्युराइड साधारण 850 पर्यंतचा. त्यापलीकडचे जवळजवळ सगळे फोटॉन आरपार जातात.

इथपर्यंतची माहिती बहुतेक लेखांत असते. पण गॅप किती आहे हे कळलं तरी तो प्रकाश किती जाडीत शोषला जाईल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरी राशी लागते: संवेग.

स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेसोबत संवेगही असतो आणि उडी मारताना दोन्हींचा हिशेब जुळावा लागतो. समजा, खोलीतून माळ्यावर चढायचं आहे. माळ्याचं तोंड तुम्ही उभे असलेल्या जागेच्या बरोबर वर असेल तर खालून कुणी उचललं की काम झालं. तोंड बाजूच्या खोलीच्या छतात असेल तर उचलणारा लागतोच, पण नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी बाजूला ढकलावंही लागतं. पहिला प्रकार डायरेक्ट गॅपचा: खालच्या पट्ट्याचं सर्वांत वरचं टोक आणि वरच्या पट्ट्याचा तळ एकाच संवेगावर असतात. दुसरा प्रकार इनडायरेक्ट: ही दोन टोकं वेगवेगळ्या संवेगांवर असतात. गॅलियम आर्सेनाइड आणि कॅडमियम टेल्युराइड पहिल्या प्रकारात येतात, सिलिकॉन आणि जर्मेनियम दुसऱ्या.

फोटॉन ऊर्जा भरपूर देतो, पण संवेग जवळजवळ देतच नाही. हे आकड्यांत पाहू. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंच्या रचनेची पुनरावृत्ती 0.543 नॅनोमीटरवर होते आणि इलेक्ट्रॉनला जो संवेग हवा तो याच अंतराच्या मापाचा असतो. 800 नॅनोमीटरच्या प्रकाशाची लांबी त्या अंतराच्या जवळपास दीड हजारपट आहे. संवेग तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून फोटॉनकडचा संवेग गरजेच्या हजाराव्या भागाहूनही कमी पडतो. कमी पडलेला संवेग स्फटिकाच्या थरथरण्यातून यावा लागतो. त्या थरथरण्याच्या एककाला फोनॉन म्हणतात. फोनॉनकडे संवेग मुबलक असतो, ऊर्जा मात्र थोडी. सिलिकॉनमध्ये ती फार तर 0.06 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात जाते. म्हणजे ऊर्जा फोटॉनची आणि संवेग फोनॉनचा, आणि दोन्ही एकाच वेळी जुळून यायला हवेत. असं घडतं, पण क्वचित. म्हणून फोटॉनला सिलिकॉनमधून बराच प्रवास करावा लागतो, तेव्हा कुठे तो पकडला जातो.

हा अडथळा सगळ्या रंगांना सारखा नाही. सिलिकॉनमध्येही सुमारे 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर सरळ उडीची वाट मोकळी होते. म्हणून 360 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचा बराचसा भाग ते पृष्ठभागालगतच्या दहाएक नॅनोमीटरमध्येच गिळतं. अडचण होते ती लाल आणि अवरक्त प्रकाशाची. उन्हातले फोटॉन मोजले तर मोठा हिस्सा नेमका तिथेच असतो.

जाडीचं गणित

शोषणाची ताकद शोषण गुणांकाने मोजतात. एकक दर सेंटीमीटरला. गुणांकाचा व्यस्त घेतला की जे अंतर मिळतं त्यात प्रकाशाचा सुमारे 63 टक्के भाग शोषला जातो. 90 टक्के शोषायचा असेल तर त्याच्या 2.3 पट जाडी लागते.

700 नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश घेऊ. सिलिकॉनचा गुणांक तिथे सुमारे 1,900 आहे. एका फेरीत 90 टक्के प्रकाश अडवायला 12 मायक्रॉन लागतात. कॅडमियम टेल्युराइडचा गुणांक त्याच रंगाला सुमारे 30,000 आहे, म्हणून त्याला पाऊण मायक्रॉन पुरतो. आता 1000 नॅनोमीटरला या. सिलिकॉनचा गुणांक घसरून 64 वर येतो आणि 90 टक्क्यांसाठी 360 मायक्रॉन लागतात. कॅडमियम टेल्युराइड हा प्रकाश शोषतच नाही, तो त्याच्या हिशेबात मुळातच सोडून दिलेला असतो. दोघांची तुलना करताना ही गोष्ट विसरली जाते. सिलिकॉन जाड लागतं याचं अर्धं कारण असं की ते जास्त दूरच्या प्रकाशाचाही वाटा मागतं.

मग 150 मायक्रॉनच्या चकतीत सिलिकॉन भागवतं कसं? पृष्ठभागावर सूक्ष्म पिरॅमिड कोरलेले असतात आणि मागे आरसा असतो. तिरपा झालेला प्रकाश आतल्या आत परत परत आपटत राहतो. आदर्श स्थितीत यामुळे प्रकाशाचा मार्ग जाडीच्या सुमारे 50 पट वाढू शकतो, कारण ही मर्यादा अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपट असते आणि सिलिकॉनचा अपवर्तनांक साधारण 3.5 आहे. हीच युक्ती वापरून काचेवर दोनेक मायक्रॉनचा स्फटिकी सिलिकॉनचा थर देण्याचे प्रयत्नही झाले. त्यांची कार्यक्षमता 10 टक्क्यांच्या आसपास अडली आणि चकतीच्या सिलिकॉनशी किमतीत स्पर्धा जमली नाही.

जाडी कमी ठेवण्यामागे फक्त माल वाचवण्याचा हेतू नसतो. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो, पण त्याला वीज बाहेर नेणाऱ्या संपर्कथरापर्यंत चालत जायचं असतं आणि वाटेत एखाद्या दोषापाशी अडकून तो पुन्हा खाली पडू शकतो. सरासरी किती अंतर तो टिकतो, त्याला विसरण लांबी म्हणतात. चांगल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मिलिसेकंदभर टिकतो आणि या लांबीचा आकडा मिलिमीटरमध्ये जातो. कॅडमियम टेल्युराइडच्या बारीक दाण्यांच्या थरात आयुष्य 10 नॅनोसेकंद धरलं आणि विसरण गुणांक दर सेकंदाला सुमारे 2.6 चौरस सेंटीमीटर धरला, तर दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ येतं 1.6 मायक्रॉन. म्हणजे हा पदार्थ 12 मायक्रॉन जाड केला असता तर खोलवर जन्मलेले इलेक्ट्रॉन बहुतेक वाटेतच गेले असते. त्याला इतकं जाड करावं लागत नाही, हेच त्याचं भाग्य.

पातळ थराच्या सौर पेशीची सगळी निवड या दोन लांबींवर उभी आहे. शोषणाची लांबी विसरणाच्या लांबीपेक्षा कमी हवी. डायरेक्ट गॅप पहिली लांबी आखूड करतो. दुसरीबद्दल तो काहीच हमी देत नाही.

सिलिकॉनबाबत एक मजेशीर अपवाद आहे. अणूंची नियमित मांडणी मोडली तर संवेगाचा नियमही ढिला पडतो, कारण तो नियमच पुनरावृत्तीतून आलेला असतो. हायड्रोजनयुक्त अस्फटिकी सिलिकॉनमध्ये असंच होतं. गॅप 1.7 च्या आसपास जातो आणि दृश्य प्रकाशासाठी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ थर पुरतो. खिशातल्या कॅल्क्युलेटरवरची तपकिरी पट्टी तीच. अमेरिकेतल्या आर.सी.ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी 1976 मध्ये या पदार्थाची पहिली पेशी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी स्टेब्लर आणि व्रॉन्स्की यांनी दाखवून दिलं की उन्हात ठेवल्यावर तिचे गुण खालावतात. अव्यवस्थेने शोषणाची लांबी कमी केली आणि त्याच अव्यवस्थेने विसरणाची लांबीही खाल्ली.

लेबलावर जाऊ नका

विद्यार्थी बऱ्याचदा पदार्थांची यादी करतात आणि ‘इनडायरेक्ट’ दिसला की त्यावर काट मारतात. पायराइटच्या उदाहरणाने ही सवय सुटावी.

पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं पिवळं चकचकीत खनिज, सोनं समजून फसवणारं. त्याचा गॅप 0.95 च्या आसपास आणि इनडायरेक्ट. तरी त्याचा शोषण गुणांक गॅपच्या थोडं वर गेलं की 1,00,000 च्या पुढे जातो, म्हणजे कॅडमियम टेल्युराइडच्याही वरचढ. कारण गॅपच्या लगेच वर भरपूर सरळ उड्या उपलब्ध होतात. 0.2 ते 0.3 मायक्रॉनचा थर 90 टक्के प्रकाश अडवू शकतो. शिवाय लोह आणि गंधक कमी पडण्याचा प्रश्नच नाही. कागदावर याहून स्वस्त शोषक सापडणं कठीण. तरी त्याची कार्यक्षमता 3 टक्क्यांपुढे गेली नाही, कारण व्होल्टेज 0.2 च्या आसपासच मिळत राहिलं. अडथळा पृष्ठभागावरच्या अवस्थांचा आणि गंधकाच्या रिकाम्या जागांचा आहे. त्यांच्यामुळे पृष्ठभागापाशी गॅप जणू आकसतो आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तिथेच संपतात. म्हणजे इथे अपयश आलं ते दुसऱ्या लांबीमुळे आणि पृष्ठभागामुळे. इनडायरेक्टपणाचा त्यात हात नाही.

उलट बाजूचं उदाहरण तांबं, जस्त, कथिल आणि गंधक यांच्या संयुगाचं, ज्याला सगळे सीझेडटीएस म्हणतात. गॅप डायरेक्ट, 1.5 च्या जवळ, शोषण उत्तम आणि सगळी मूलद्रव्यं सहज मिळणारी. गॅप किती असावा याचं उत्तर शॉक्ली आणि क्वायसर यांच्या 1961 च्या गणितातून मिळतं: 1.34 इलेक्ट्रॉन-व्होल्टला एकाच जोडाच्या पेशीची कमाल मर्यादा सुमारे 33 टक्के. 1.5 ला ती थोडीशीच कमी असते, म्हणजे गॅपचा दोष नाही. आय.बी.एम.च्या गटाने 2013 मध्ये या कुटुंबातल्या, सेलेनियमही असलेल्या संयुगाची 12.6 टक्क्यांची पेशी बनवली आणि बरीच वर्षं आकडा तिथेच घुटमळला. मुख्य अडचण अशी की तांबं आणि जस्त यांचे आयन आकाराने जवळजवळ सारखे असतात आणि स्फटिकात ते एकमेकांच्या जागा घेतात. मग गॅप प्रत्येक जागी थोडा वेगळा होतो, कडा धूसर होते आणि व्होल्टेज गळतं. जोडीला झिंक सल्फाइड किंवा तांबं-कथिल सल्फाइड मिसळलेलं असलं तरी क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात त्यांची शिखरं मूळ संयुगाच्या शिखरांवरच बसतात आणि थर शुद्ध असल्यासारखा दिसतो. अणूंच्या कंपनांवरून पदार्थ ओळखणारा रामन स्पेक्ट्रम घेतल्याशिवाय भेसळ कळत नाही.

गॅप कोणता आहे हे मोजताना होणारी फसगत

महाराष्ट्रात पातळ थरांवर काम करणारे बरेच जण आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात केमिकल बाथ आणि स्प्रे पायरोलिसिसने थर बनवण्याची जुनी परंपरा आहे. अशा कामात शेवटी एक आलेख येतोच: टॉक प्लॉट. पद्धत सोपी आहे. काचेवरच्या थराचं पारगमन, म्हणजे किती प्रकाश आरपार जातो ते, आणि परावर्तन यू.व्ही.-व्हिजिबल यंत्रावर मोजायचं, त्यावरून शोषण गुणांक काढायचा आणि त्याला फोटॉनच्या ऊर्जेने गुणायचं. डायरेक्ट गॅपसाठी त्या गुणाकाराचा वर्ग, इनडायरेक्टसाठी वर्गमूळ. आडव्या अक्षावर ऊर्जा. सरळ दिसणारा भाग खाली वाढवत न्यायचा आणि तो अक्षाला जिथे छेदेल तो गॅप.

कटकट अशी की जवळजवळ कोणत्याही वळणदार रेषेत सरळ दिसणारा तुकडा सापडतो. कथिल सल्फाइडचा थर घ्या. त्याचा इनडायरेक्ट गॅप सुमारे 1.1 आणि डायरेक्ट सुमारे 1.3. वर्गाचा आलेख काढला की 1.3 च्या जवळ उत्तर मिळतं, वर्गमुळाचा काढला की त्याखालचं. ‘थर डायरेक्ट आहे’ असं प्रबंधात लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण वर्गाच्या आलेखातली रेषा देखणी दिसते.

इथे आधी जाडी बघायची. समजा थर 300 नॅनोमीटरचा आहे. इनडायरेक्ट भागात गुणांक साधारण 300 धरू. जाडी सेंटीमीटरमध्ये 0.00003. गुणाकार आला 0.009, म्हणजे त्या भागात थर जेमतेम 1 टक्का प्रकाश शोषतो. त्याच वेळी थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून पारगमनात कित्येक टक्क्यांच्या लाटा उठवतात. त्या लाटांत 1 टक्क्याचं शोषण पार बुडून जातं. मग आलेखात जो भाग दिसतो तो फक्त तगड्या शोषणाचा, म्हणजे सरळ उडीचा. 300 नॅनोमीटरच्या थराला हा प्रश्न विचारायचाच नसतो. दोन-तीन मायक्रॉनचा थर घ्यावा किंवा फोटोथर्मल डिफ्लेक्शनसारखी पद्धत वापरावी, जी पारगमन न मोजता शोषणामुळे झालेली सूक्ष्म उष्णता मोजते.

लाटा ओळखणं अवघड नसतं. तरंगलांबीच्या अक्षावर पारगमन वर-खाली होत गेलं आणि दोन शिखरांमधलं अंतर जास्त तरंगलांबीकडे वाढत गेलं, तर ते व्यतिकरण आहे, पदार्थाचा गुण नाही. परावर्तन न मोजता नुसत्या पारगमनावरून काढलेला गुणांक गॅपच्या खाली शून्यावर न जाता हजाराच्या आसपास पसरलेला दिसला, तर तोही बहुतेक परावर्तनाचा आणि विखुरण्याचा हिशेब राहिल्याचा परिणाम असतो. आलेख एवढाच असेल तर मी त्या गॅपवर विश्वास ठेवत नाही.

गॅपच्या प्रकाराबद्दल आलेखाच्या आकारापेक्षा गुणांकाचा आकडा जास्त खरं बोलतो. गॅपच्या 0.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर तो 10,000 ओलांडून गेला असेल तर पातळ पेशीसाठी पदार्थ पुरेसा शोषक आहे, लेबल काहीही असो. काहीशेवर घुटमळत असेल तर सिलिकॉनसारखी जाडी आणि सिलिकॉनसारखी शुद्धता दोन्ही लागतील. पेशी तयार झाल्यावर तिच्या क्वांटम कार्यक्षमतेच्या, म्हणजे कोणत्या रंगाच्या किती फोटॉनांपासून वीज मिळते याच्या, आलेखात हे स्पष्ट दिसतं: कॅडमियम टेल्युराइडचा आलेख 850 नॅनोमीटरच्या आसपास कड्यासारखा कोसळतो आणि सिलिकॉनचा 950 च्या पुढून उतार धरत 1150 पर्यंत संपतो.

आता कॅडमियम टेल्युराइडच्याच थराकडे परत जाऊ, कारण बाजारात टिकलेला हा सगळ्यांत मोठा पातळ-थर पदार्थ आहे. काचेवर आधी पारदर्शक विद्युतवाहक ऑक्साइड, त्यावर शोषक थर आणि मग क्लोराइडची प्रक्रिया: कॅडमियम क्लोराइड लावून साधारण 400 अंश सेल्सिअसला तापवणं. त्याआधी थर शोषतो उत्तम, पण कार्यक्षमता तोकडीच राहते. क्लोरीन दाण्यांच्या कडांवर जाऊन बसतो, तिथले दोष शांत होतात आणि विसरणाची लांबी वाढते. शोषणात फारसा फरक पडत नाही, कार्यक्षमता मात्र दुहेरी आकड्यात जाते. अलीकडे शोषकात थोडं सेलेनियम मिसळतात. त्याने गॅप 1.4 कडे उतरतो, म्हणून जास्त अवरक्त प्रकाश हाती येतो, आणि इलेक्ट्रॉनचं आयुष्यही वाढतं.

हा सगळा आटापिटा टेल्युरियमसाठीही आहे. 1 चौरस मीटरवर 3 मायक्रॉनचा थर म्हणजे साडेसतरा ग्रॅम कॅडमियम टेल्युराइड आणि त्यात टेल्युरियम सुमारे 9 ग्रॅम. 19 टक्के कार्यक्षमता धरली तर तेवढ्या जागेतून भर उन्हात 190 वॅट मिळतात. हिशेब केला तर दर गिगावॅटला जवळपास 50 टन टेल्युरियम. चेन्नईजवळच्या फर्स्ट सोलरच्या कारखान्याची वार्षिक क्षमता 3.3 गिगावॅट आहे, म्हणजे या हिशेबाने त्या एकाच कारखान्याला 160 टनांच्या आसपास. हे मूलद्रव्य तांब्याच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणून निघतं आणि जगभरात वर्षाला काहीशे टनच. तांब्याची मागणी वाढल्याशिवाय ते मनाप्रमाणे वाढवता येत नाही.

म्हणून थर 3 वरून 1 मायक्रॉनवर आणण्याचे प्रयत्न चालू असतात. पाऊण मायक्रॉन 700 नॅनोमीटरला पुरतो हे वर पाहिलं. पण 800 ते 850 च्या पट्ट्यात गुणांक उतरतो आणि 1 मायक्रॉनमधून तो प्रकाश थोडा निसटतो. मागे चांगला आरसा द्यावा लागतो. त्याहून त्रासाचं म्हणजे थरात सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली तर पुढचा आणि मागचा संपर्क थेट जुळतो आणि त्या जागी पेशी शॉर्ट होते. 3 मायक्रॉनच्या थरात अशी भोकं आपोआप बुजतात, 1 मायक्रॉनच्या थरात ती उघडी राहतात.